लायसन्सच्या मराठीतला 'च'

छावणीकर (इंदूर)
वाचनालयांच्या पुस्तकनोंदीचं जे सॉफ्टवेअर आपण मराठीत आणतोय, त्याच्या लायसन्सचं भाषांतर मी उरकलं. शब्दाला शब्द लावलेलं कोणी वाचत नाही, म्हणून सरळ लिहिलं: 'हे सॉफ्टवेअर मोफत आहे. वापरा, बदला, वाटा. मूळ लेखकाची सूचना सोबत ठेवावी.' `LICENSE` फाइलमधलं इंग्रजी काढून हेच टाकलंय. भाव पोचला की झालं ना?

रामबागेतली (इंदूर)
नाही झालं. करारांची भाषांतरं करण्यावर माझं घर चालतं, आणि नेमकी हीच चूक मी एकदा केलेली आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आपलं सॉफ्टवेअर `BSD-2-Clause` नावाच्या खुल्या लायसन्सखाली आहे. त्यातलं मुख्य वाक्य एकच आहे. आधी परवानगी, मग 'प्रोव्हायडेड दॅट', मग दोन अटी. 'प्रोव्हायडेड दॅट' ही त्या वाक्याची बिजागरी आहे आणि तुम्ही तिथेच वाक्य तोडलंत. आता पहिली वाक्यं परवानगी पूर्ण देऊन मोकळी होतात आणि 'सूचना ठेवावी' हे मागून वेगळं येतं. उद्या कोणी लेखकाचं नाव पुसून स्वतःचं घातलं, तर तो म्हणेल की परवानगी मला मिळालेलीच होती, सूचना ठेवायची राहिली, तर तुमचं नुकसान किती झालं ते सांगा. फुकट वाटलेल्या वस्तूचं नुकसान रुपयांत कसं दाखवणार?

यावर अमेरिकेत खटला झालेला आहे, जेकबसन विरुद्ध काट्झर. खेळण्यातल्या रेल्वेचं सॉफ्टवेअर होतं, लायसन्स वेगळं होतं, पण शब्द हेच. खालच्या कोर्टाने त्या अटींना नुसती करारातली वचनं मानलं आणि मनाईहुकूम नाकारला. 2008 साली वरच्या कोर्टाने तो निर्णय रद्द केला. 'प्रोव्हायडेड दॅट' म्हटलंय म्हणजे ती अट आहे, आणि अट मोडली की परवानगीच उरत नाही, मग तो सरळ कॉपीराइटचा भंग.

म्हणून माझं वाक्य असं: 'सोर्स किंवा बायनरी स्वरूपात, बदल करून वा न करता, पुनर्वितरण आणि वापर करण्यास पुढील अटी पाळल्या तरच परवानगी आहे.' सगळा भार त्या 'च'वर आहे. 'पाळल्या तर' एवढंच लिहिलं, तर न पाळल्यास काय, याबद्दल वाक्य गप्प राहतं. माझ्या भाषांतरात तो 'च' नव्हता. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या वकिलाने पान परत पाठवलं, आणि त्याचं बरोबर होतं.

आणि 'मोफत' काढा. मूळ मजकुरात किमतीबद्दल अवाक्षर नाही.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
ताई, 'ठेवावी' म्हणजे विनंती नव्हे. मी तीस वर्षं सरकारी कागद वाचले आहेत. मराठी आदेशात 'सादर करावे' लिहिलं की ते करावंच लागतं. आणि अमेरिकेच्या कोर्टाचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही.

रामबागेतली
निकाल बंधनकारक नाही, हे मान्य. 'करावे' आदेश असू शकतो, हेही मान्य. पण आदेश मोडला म्हणून आधी दिलेली परवानगी आपोआप जाते का? 'ठेवावी'मध्ये कर्तव्य आहे, 'तरच'मध्ये परवानगीचा उंबरठा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दांडियाबाजार (बडोदा)
आमच्या दुकानात हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं. विक्रेत्याने दिलेल्या भाषांतरात 'एका वापरकर्त्यासाठी' होतं. मी एक आणि मुनीम एक असे दोघं आळीपाळीने बसायचो. नंतर सांगितलं, दोन लायसन्स घ्या. पैसे भरले. तेव्हा आमच्याकडे किती कंप्यूटर चालतील ते आधी स्पष्ट लिहा.

रामबागेतली
तुमचा त्रास खरा आहे, पण ते विकत घेतलेलं सॉफ्टवेअर. इथे वापरणाऱ्यांची संख्या बांधलेलीच नाही.

दांडियाबाजार
बरं. मग 'लायसन्स' तरी का म्हणता? परवाना म्हणा. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराला देशी शब्द घडवले गेले, आणि आपण इंग्रजी उचलायचं?

छावणीकर
परवाना म्हटलं की इथल्या माणसाला बंदूक आठवते.

लष्करवाला
शुद्ध शब्द 'अनुज्ञप्ती'. आमच्या ऑफिसात हिंदीतही हाच चालायचा.

छावणीकर
म्हणूनच तो नको! वाचनालयातल्या आजोबांना अनुज्ञप्ती वाचून दाखवा आणि चेहरा बघा. आधीच पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या मराठीला हिंदीळलेली म्हणतो, आता तुम्हीही हिंदी सरकारी शब्द आमच्या गळ्यात घालून राहिले.

लष्करवाला
शब्द संस्कृत आहे. ग्वाल्हेरला मराठी शिकवू नका.

दांडियाबाजार
आणि बडोद्यालाही नको. परवाना हा शब्द आपल्या पणजोबांनी वापरलाय.

रामबागेतली
तिघंही जरा थांबा. कुठलाही एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या ओळीत परवाना, तिसरीत अनुज्ञप्ती, पाचवीत लायसन्स असं झालं, तर वाचणाऱ्याला हे तीन वेगळे कागद वाटतील. माझी खरी हरकत 'सूचना' या शब्दावर आहे. मूळ मजकूर तीन गोष्टी राखायला सांगतो: कॉपीराइटची सूचना, ही अटींची यादी, आणि खालचा जबाबदारी नाकारणारा परिच्छेद. आपण वाचनालयांना पेन ड्राइव्हवर तयार प्रोग्राम देतो, सोर्स देत नाही. म्हणजे तयार प्रोग्राम वाटण्याबद्दलची दुसरी अट लागते, आणि हे तिन्ही सोबतच्या माहितीपत्रकात किंवा मदतीच्या पानावर छापावं लागतं. छावणीकरांच्या मजकुरावरून हे कोणाला कळणार? तो परिच्छेद तर त्यांनी गाळलाच आहे. प्रोग्रामने नोंदी उडवल्या तर वाचनालय मूळ लेखकाला जबाबदार धरेल.

लष्करवाला
तुमच्या नेमकेपणातही भोक आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं हक्क दुसऱ्याच्या नावावर करण्याबद्दलचं कलम 19 म्हणतं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 30-अ मुळे ते परवान्यालाही लागतं. या BSD मध्ये दोन्ही नाहीत. म्हणजे पाच वर्षांनी सगळं रद्द! मराठीत 'कायमस्वरूपी आणि जगभर' घाला, प्रश्न मिटला.

रामबागेतली
कलमं तुम्ही बरोबर सांगितलीत, आणि हा प्रश्न मलाही सतावतो. पण सार्वजनिकपणे सगळ्यांना दिलेल्या अशा लायसन्सला ती पाच वर्षं जशीच्या तशी लागतात असं ठामपणे म्हणायला मी तयार नाही. आणि 'कायमस्वरूपी' घालायला तर मुळीच नाही. Apache 2.0 या दुसऱ्या लायसन्समध्ये 'परपेच्युअल' आणि 'वर्ल्डवाइड' हे शब्द आहेत, तिथे ते मराठीत आलेच पाहिजेत. इथे लेखकाने ते लिहिलेले नाहीत. त्याने न दिलेला हक्क मी त्याच्या नावावर कसा देऊ? मूळ करारातलं भोक भाषांतराने बुजवायचं नसतं.

लष्करवाला
मग भोक तसंच ठेवायचं?

रामबागेतली
हो. लेखकाला पत्र लिहून विचारायचं.

छावणीकर
मला अजूनही वाटतं, तुमचं वाक्य आमच्या वाचनालयात कोणी पूर्ण वाचणार नाही. पण नाव पुसण्याचं पटलं. माझ्या भावाच्या फोटोंचं तसंच झालं होतं, त्याला दाद कुठेच मिळाली नाही. इंग्रजी `LICENSE` पुन्हा अक्षरशः जसंच्या तसं ठेवलं. मराठी वेगळ्या फाइलमध्ये:

```
LICENSE
LICENSE.mr.txt
```

दुसरीच्या डोक्यावर लिहिलं: 'हे समजण्यासाठी केलेलं भाषांतर आहे. अर्थाबद्दल वाद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य.' 'तरच' घेतलं, 'मोफत' काढलं. शब्द मात्र लायसन्सच राहील.

दांडियाबाजार
परवाना.

रामबागेतली
'समजण्यासाठी'च्या आधी 'अनधिकृत' घाला. आणि जबाबदारीचा परिच्छेद अजून आलेला नाही.

छावणीकर
रात्री बसतो त्यावर. 'ॲज इज'ला काय लिहू? जुनी स्कूटर विकताना आपण 'आहे त्या स्थितीत' लिहितो, ते चालेल?

रामबागेतली
चालेल. त्याहून चांगलं मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.