आय सेक्शनचा एमआय वजाबाकीनं काढायला शिकवावा का?

पॉलिटेक्निकची शिक्षिका
मी नागपुरात डिप्लोमाच्या मुलांना स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. आय सेक्शन दिसला की मुलं अख्खा आयत घेतात आणि वेबच्या दोन्ही बाजूंचे रिकामे आयत वजा करतात. माझं मत असं की सुरुवातीला ही पद्धत शिकवूच नये. दोन फ्लँज आणि वेब, तीन तुकड्यांची बेरीजच करायला लावावी. कोणाला पटतं, कोणाला नाही?

थर्ड सेम, सिव्हिल
मला अजिबात पटत नाही, मॅडम. उंची ३००, फ्लँज १४० बाय १२, वेब ८ असा सेक्शन घ्या. बाहेरचा आयत १४० × ३००³ / १२ म्हणजे ३१.५० कोटी मिमी⁴. आतली पोकळी १३२ × २७६³ / १२ म्हणजे २३.१३ कोटी. वजा केले, ८.३७ कोटी, झालं! दोन ओळी. बेरजेत पॅरलल अ‍ॅक्सिस लावा, अंतर काढा, वर्ग करा, आणि उत्तर शेवटी तेच. वाय-वाय अक्षालाही मी असंच करतो, उंची आणि रुंदी फक्त उलटी करायची. पेपरात वेळ वाचतो.

निवृत्त डिझायनर, धरमपेठ
बाळा, एक्स-एक्सचं तुझं उत्तर बरोबर आहे. वाय-वाय तुझ्या पद्धतीनं करून बघ. ३०० × १४०³ / १२ मधून २७६ × १३२³ / १२ वजा केलंस की १.५७ कोटी येतो. आता दोन फ्लँज आणि वेब बेरजेनं घे. तिघांचेही मध्य वाय-वाय अक्षावरच आहेत, त्यामुळे अंतराचा प्रश्नच नाही. उत्तर येतं ०.५५ कोटी. तुझा आकडा जवळजवळ तिप्पट आहे, आणि कॉलमच्या बकलिंगला हाच अक्ष निर्णायक ठरतो.

असं का होतं ते नीट बघ. एक्स-एक्स अक्षाला फक्त उंची कळते. एखादी पट्टी त्याच उंचीवर डावीकडे सरकवली काय, उजवीकडे सरकवली काय, त्याला फरक पडत नाही. म्हणून ६६ रुंदीच्या दोन पोकळ्या तू मनातल्या मनात जोडून १३२ ची एक केलीस ते चाललं. वाय-वाय अक्षाला मात्र डावं-उजवंच कळतं. तिथे पोकळ्या मध्ये आणून जोडल्यास तर ८ चा वेब फुटून ४-४ मिमीच्या दोन भिंती कडेला जातात. तू काढलेला १.५७ कोटी हा त्या पेटीच्या आकाराचा अगदी अचूक एमआय आहे, फक्त तो सेक्शन तुझ्या चित्रात नाही.

थर्ड सेम, सिव्हिल
म्हणजे पेटी आणि आय, दोघांचा एक्स-एक्स सारखाच? हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पण मग एक्स-एक्सपुरती तरी वजाबाकी राहू द्या ना.

पॉलिटेक्निकची शिक्षिका
माझा मुद्दा नेमका इथेच आहे. ८.३७ कोटी आला, पण तो कुठून आला हे वजाबाकी सांगत नाही. बेरजेत दिसतं की दोन फ्लँजचे मिळून ६.९७ कोटी आणि वेबचे फक्त १.४०. म्हणजे सहा भागांतले पाच भाग फ्लँजचे. त्यातही फ्लँजचा स्वतःचा bd³/12 घेतला तर एकेकाचा जेमतेम २० हजार, बाकी सगळं अंतराच्या वर्गामुळे. आय हा आकार असाच का, हे ज्या मुलानं ही बेरीज हातानं केली त्याला कळतं. पोकळीचे २३ कोटी वजा करून काय कळणार?

हिंगणा एमआयडीसी, फॅब्रिकेशन
राजेहो, एवढं काऊन भांडून राहिले? माह्या शॉपमध्ये क्रेनच्या गँट्रीसाठी तीन प्लेटा वेल्ड करून गर्डर बनवला. वरचा फ्लँज २०० बाय १२, खालचा १४० बाय १२, मधात ८ चा वेब, उंची ३००. आमच्या पोरानं दोन्ही फ्लँजची सरासरी १७० धरली अन् वजाबाकी केली, ९.८७ कोटी आला. डिझायनरनं ९.७० लिहून पाठवला. दोन टक्के बी फरक नाही. एवढा फरक तर प्लेटच्या जाडीतच निघते. चालते ना भाऊ?

निवृत्त डिझायनर, धरमपेठ
भाऊ, एमआयपुरतं बघाल तर फरक लहानच आहे. पण तुमच्या पोरानं उंचीच्या मधोमध, १५० वर अक्ष धरला. वरचा फ्लँज रुंद आहे, त्यामुळे सेंट्रॉइड वर सरकतो. खालून मोजला तर १६६.५ वर येतो. खालच्या कडेचा ताण काढताना याच अंतरानं गुणायचं असतं. समजा मोमेंट ८० किलोन्यूटन-मीटर आहे. पोराच्या हिशेबानं खालच्या फ्लँजवर १२२ न्यूटन प्रति चौ. मिमी ताण येतो, खरा येतो १३७. गर्डर सिम्पली सपोर्टेड असेल तर खालचा फ्लँज ओढला जाणार, आणि तोच अरुंद आहे. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला पडते.

आता मॅडम, मी वजाबाकीच्या बाजूनं का बोलतो ते सांगतो. या पोराचा ९.८७ कोटी हा आकडा खोटा नाही. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असल्यानं पोकळी मधल्या अक्षाच्या वर-खाली सारखीच आहे, म्हणून मधल्या अक्षाभोवतीचा तो अचूक एमआय आहे. उरलेली पायरी एकच. क्षेत्रफळ ६,२८८ चौ. मिमी, सेंट्रॉइड मधल्या अक्षापासून १६.५ मिमी दूर. क्षेत्रफळ गुणिले त्या अंतराचा वर्ग, १७ लाख १० हजारांच्या आसपास, हा वजा करा की ९.७० कोटी मिळतो. तीन तुकड्यांची तीन अंतरं मोजण्यापेक्षा हे सोपं आहे. आणि तपासायलाही सोपं: समांतर अक्षांमध्ये सेंट्रॉइडचा एमआय सगळ्यात कमी असतो, म्हणून या पायरीनंतर आकडा वाढला तर चिन्ह चुकलं असं समजावं.

पॉलिटेक्निकची शिक्षिका
सर, जाडीही वेगळी असेल तर? वरचा १६, खालचा १०?

निवृत्त डिझायनर, धरमपेठ
तेव्हा पोकळीचा मध्य उंचीच्या मध्यावर राहत नाही, ३ मिमीनं खाली जातो. पोकळीलाही अंतराची दुरुस्ती लावावी लागते. मग वजाबाकीत फारसं वाचत नाही. तिथे मी स्वतः बेरीजच करतो.

पॉलिटेक्निकची शिक्षिका
म्हणजे पद्धत कुठे चालते आणि कुठे नाही, हे आधी ओळखता यायला हवं. ते ओळखणं बेरजेतूनच येतं, असं मला अजूनही वाटतं. तुमची एका पायरीची युक्ती मी वर्गात दाखवेन, पण सेंट्रॉइड काढून झाल्यावर, त्याच्या आधी नाही.

थर्ड सेम, सिव्हिल
आणि पेपरात दोन्ही पद्धतींना सारखे मार्क?

पॉलिटेक्निकची शिक्षिका
अक्ष कुठे धरला ते लिहिलं असेल तर पूर्ण. नुसती BD³/12 − bd³/12 ही ओळ असेल तर मी कापते.

थर्ड सेम, सिव्हिल
उत्तर बरोबर असूनही? हे काही पटलं नाही, मॅडम.

हिंगणा एमआयडीसी, फॅब्रिकेशन
सर, वर क्रेनचा रूळ बसते, क्लिपांनी आवळलेला. तो धरला तर सेंट्रॉइड अजून वर जाईन ना? का तो हिशेबात धरतच नाही?

निवृत्त डिझायनर, धरमपेठ
क्लिपांनी बसवलेला असेल तर धरू नका. रूळ आणि फ्लँज एकमेकांवर घसरू शकतात, ते एकसंध वाकत नाहीत. त्याचं वजन तेवढं लोडमध्ये घ्या. आणि तुमच्या पोराला १६६.५ घेऊन खालचा ताण पुन्हा काढायला सांगा.