मदत हवी आहे : पुतण्याच्या कामाचं मूल्यमापन

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. थोरल्या भावाचा मुलगा तीन वर्षं उधारी-वसुली बघतो. गिऱ्हाईक जोडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण ९० दिवसांवरची उधारी ४ लाखांवरून ११ लाखांवर गेली. बाकी नोकरांना मी दिवाळीआधी वसुली, स्टॉकमधली तफावत आणि हजेरी दाखवून पगारवाढ ठरवतो. त्याला मात्र आजवर नुसतीच वाढ दिली. चूक माझीच.

यंदा तोच कागद त्याच्यापुढे ठेवायचा आहे. नफ्यातला घरचा वाटा वेगळा, पगार कामाचा. आधी त्याच्याशी एकट्याशी बोलू, की दादाला कल्पना देऊ? आमचे सीए सोबत बसले तर त्याला अपमान वाटेल का? कोणी हे केलं असेल तर सांगा.