डिस्पर्सिबल: विरघळणारी, विरणारी की कालवायची?

जांबोटीची बाई
एका शब्दाने घोळ घातलाय, म्हणून विचारते. मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे. शेजारच्या आठ महिन्यांच्या बाळाला न्युमोनिया झाला. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन २५० ची गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. पाकिटावर सगळं इंग्रजी. बाळाच्या आईने विचारलं, "बाई, हे डिस्पर्सिबल काय?" मी म्हटलं, "पाण्यात विरघळणारी."

तिने चमच्यात पाणी घेतलं, गोळी टाकली, ढवळली आणि थांबली. थोड्या वेळाने खाली पांढरा थर बसला. "विरघळली नाही ती कच्ची, पोराच्या घशात अडकेल," म्हणून तिने वरचं पाणी पाजलं आणि खालचं मोरीत ओतलं. दोन दिवस हेच चाललं होतं. ताप हटेना म्हणून परत नेलं, तेव्हा नर्सबाईंनी "कसं देता ते करून दाखवा" म्हटलं आणि सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी बाळ तपासून पाच दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले. आता बाळ बरं आहे.

मला झोप नाही. माझा शब्द चुकला का? मग बरोबर शब्द कोणता?

निपाणीकर
शब्द बरोबरच आहे की. विरघळणारीच म्हणतात सगळे. पाणी कमी पडलं, बाकी काही नाही. चमचाभर पाण्यात साखर टाकली तरी जास्त झाली की खाली राहतेच. पेलाभर पाणी घेतलं असतं तर विरघळली असती.

शहापूरचा औषधवाला
निपाणीकर, तुमचं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यातच धोका आहे. हिशेब करून बघू. अमॉक्सिसिलिन पाण्यात फार कमी विरघळतं, एका मिलिलिटरात जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम. चमचा पाच मिलिलिटरचा. म्हणजे त्यात विरघळणार फार तर वीस मिलिग्रॅम. गोळी २५० ची. उरलेले २३० कुठे गेले? तोच तो पांढरा थर. काही बारीक भुकटी वरच्या पाण्यात तरंगत गेली असेल, पण गोळीचा मोठा भाग मोरीत गेला.

आता तुमचा पेला. साठ-सत्तर मिलिलिटरच्या पुढे पाणी घेतलं तर २५० मिलिग्रॅम विरघळू शकतं, मान्य. पण आठ महिन्यांचं पोर तेवढं कडवट पाणी पिईल का? अर्धा पेला उरला की अर्धं औषध उरलं. म्हणून ही गोळी थोड्या पाण्यात मोडायची, हीच तिची रचना आहे.

बाई, शब्द चुकला हे खरं, पण तो माझ्या काउंटरवरही रोज चुकतो. औषधांच्या मानक ग्रंथात सोल्युबल आणि डिस्पर्सिबल हे दोन वेगळे प्रकार आहेत. सोल्युबलने पाण्यात विरघळायचं असतं. डिस्पर्सिबलची कसोटी निराळी: तीन मिनिटांच्या आत ती पाण्यात मोडली पाहिजे, आणि तिचा ढवळलेला घोळ ७१० मायक्रॉनच्या, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोड्या बारीक भोकांच्या चाळणीतून पार गेला पाहिजे. जी वस्तू चाळून तपासतात, ती विरघळणारी कशी म्हणायची?

टिळकवाडी
वा, चाळणीचा दाखला आवडला. मग 'विरणारी' चालेल का? कापड विरतं, म्हणजे धागे सुटतात, कापड नाहीसं होत नाही.

निपाणीकर
विरलेली गोळी म्हटलं की आमच्याकडे जुनी, खराब झालेली गोळी वाटेल. 'विखुरणारी' घ्या.

टिळकवाडी
विखुरणारी म्हणजे डबीतून सांडलेली! कुठल्याशा अनुवादात मी 'विकिरणशील' वाचलंय. ते तर थेट क्ष-किरणांच्या खोलीत नेतं.

हल्याळची अक्का
माझी शंका विचारू का? विरघळणारी म्हणजे जिभेखाली ठेवायची ती ना? आमच्या मामंजींना छातीत दुखलं की ती द्यायला सांगितलीय. मागच्या महिन्यात रात्री दुखायला लागलं, मी घाईत गोळी काढून पाण्याबरोबर गिळायला लावली. बराच वेळ उतार पडेना. शेवटी १०८ ला फोन केला. दवाखान्यात कळलं की गोळीही दुसरीच दिली होती. दोन पट्ट्या होत्या, दोन्हींवर आयसोसॉर्बाइड.

शहापूरचा औषधवाला
अक्का, तुम्ही विचारताय ती वेगळीच गोळी, पण विचारलंत ते चांगलं झालं. आणि १०८ ला लावलात तेही.

त्या दोन पट्ट्या परत काढा. एकीवर आयसोसॉर्बाइड *डाय*नायट्रेट ५ मिलिग्रॅम असेल, दुसरीवर आयसोसॉर्बाइड *मोनो*नायट्रेट आणि पुढे एसआर किंवा सस्टेन्ड रिलीज. पाच मिलिग्रॅमची डायनायट्रेट दुखताना जिभेखाली धरायची. तिथली त्वचा पातळ, खाली शिरांचं जाळं, त्यामुळे औषध थेट रक्तात उतरतं आणि दोन ते पाच मिनिटांत काम सुरू होतं. गिळली तर ती पोटातून आधी यकृतात जाते, तिथे बराच भाग हृदयाकडे पोचण्याआधीच निकामी होतो, आणि वेळही कितीतरी जास्त लागतो. मोनोनायट्रेट एसआर ही रोजची, तासन्‌तास हळूहळू सुटणारी. ती गिळायचीच, चावायची किंवा कुटायची नाही, आणि दुखणं सुरू झाल्यावर तिचा तातडीने उपयोग नाही. तुमच्याकडे दोन चुका एकावर एक बसल्या.

मामंजींना आधी खाली बसवा, कारण या गोळीने रक्तदाब उतरतो, उभा माणूस कोसळतो. गोळी विरेपर्यंत पाणी नाही. थुंकी लगेच गिळायची नाही. पाच मिनिटांत कमी झालं नाही तर १०८. आणि डायनायट्रेटच्या सगळ्याच पट्ट्यांवर 'सबलिंग्वल' ठळक छापलेलं सापडत नाही. म्हणून मी स्वतः पट्टीच्या पाठीवर मार्करने 'जिभेखाली' असं लिहून देतो.

हल्याळची अक्का
मग त्या उलटीच्या गोळीचं काय? तीही तोंडातच विरते. तीही जिभेखाली ठेवू?

निपाणीकर
जिभेवर काय नि जिभेखाली काय, तोंडातच विरते ना. एकच.

शहापूरचा औषधवाला
एकच नाही हो. ओन्डान्सेट्रॉनची एमडी गोळी जिभे*वर* ठेवतात. ती तोंडात मोडते, पण औषध थुंकीबरोबर पोटात जाऊनच शोषलं जातं. तोंडात मोडणं ही फक्त सोय आहे, उलटी होणाऱ्याला पाण्याचा घोट लागू नये म्हणून. जिभे*खालच्या* गोळीत तोंड हाच औषधाचा रस्ता आहे. मराठीत आपल्याकडे 'वर' आणि 'खाली' असे दोन साधे शब्द आहेत, तेच नीट वापरले तरी पुरे.

अक्षरांचाही एक सापळा सांगतो. ब्रँडच्या नावापुढे डीटी असेल तर बहुधा डिस्पर्सिबल. ओडीटी म्हणजे तोंडात मोडणारी. पण नुसतं ओडी असेल तर ते दिवसातून एकदा, आणि अशी गोळी बरेचदा हळू सुटणारी असते, चावली तर दिवसभराचं औषध एकदम सुटू शकतं. एका 'टी'चा फरक. म्हणून मोठ्या नावावर जाऊ नका. त्याच्याखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि गोळीचा प्रकार असतो, 'अमॉक्सिसिलिन डिस्पर्सिबल टॅब्लेट्स' असा. तो वाचा. पट्टी कापून विकत घेता तेव्हा नेमकी तीच ओळ दुकानात राहते, हे आमच्या धंद्याचं पाप.

चिकोडीहून
कन्नडमध्येही हीच अडचण आहे. माझं शिक्षण कन्नडमधून झालं. 'करगुव गुळिगे' म्हणतात, म्हणजे विरघळणारी, वितळणारी. साखर करगते, तूपही करगतं. पण कन्नडात 'कदडु' असा एक शब्द आहे, ढवळून गढूळ करणं. या गोळीचं खरं वर्णन तेच. आणि गंमत बघा, शुद्ध कन्नडात गोळीला 'मात्रे' म्हणतात. माझ्या मराठी आजीला नर्सने "एरडु मात्रे" सांगितलं, म्हणजे दोन गोळ्या. आजीने ते 'दोन मात्रा' असं धरलं, आणि मात्रा म्हटल्यावर ती सहाण शोधायला लागली.

टिळकवाडी
गढूळवरून सुचलं. 'कालवणे'! पीठ पाण्यात कालवतो, ते विरघळत नाही, तरी सगळ्या पाण्यात मिळून येतं. आणि कालवलेलं ठेवून दिलं तर खाली बसतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. धिरड्याचं पीठ वाढताना पळी परत तळापासून फिरवतोच ना?

जांबोटीची बाई
हा शब्द तिला त्या दिवशी सांगितला असता, तर तिने तळ टाकलाच नसता. पीठ खाली बसलं म्हणून कोण वरचं पाणी वापरतं!

निपाणीकर
कालवायची गोळी म्हटली तर मंडळी भातात कालवतील.

शहापूरचा औषधवाला
म्हणून 'पाण्यात' हा शब्द सोडायचा नाही. उकळून गार केलेलं पाणी किंवा आईचं दूध, चमचाभर. गोळी मोडेपर्यंत थांबायचं, हलवायचं, लगेच पाजायचं. मग त्याच चमच्यात पुन्हा थोडं पाणी घेऊन फिरवायचं आणि तेही पाजायचं. सकाळी कालवून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

जांबोटीची बाई
मी शाळेच्या फळ्यावर पालकांसाठी लिहिते: "पाण्यात कालवून, गाळासकट पाजायची."

टिळकवाडी
'गाळ' नको. गाळ म्हणजे टाकायची वस्तू, विहिरीतला. पुन्हा तेच होईल. 'साका' लिहा.

जांबोटीची बाई
साका आमच्या पोरांच्या आयांना कळेल का, शंका आहे. 'खाली बसलेलं' असंच लिहिते तूर्त.

चिकोडीहून
फसफसणारी गोळी मात्र शब्दानेच ओळखू येते, तिथे वाद नाही.

शहापूरचा औषधवाला
शब्दावर नाही, वापरावर आहे. एकाने ती तोंडात टाकून वर पाणी प्यायलं आणि फेसाने गुदमरला. पेल्यात टाकायची, फसफस थांबू द्यायची, मग प्यायची. नळीतली असेल तर झाकण घट्ट लावायचं, दमट हवेत ती नळीतच फसफसायला लागते. आणि फेस सोडियमच्या क्षारातून येतो. काही पॅरासिटामॉलच्या गोळ्यांत एकीत चारशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. रक्तदाबवाल्यांनी मीठ कमी करून ही रोज घेतली तर काय उपयोग?

हल्याळची अक्का
शाळेत जंताची गोळी देतात ती चघळायची म्हणतात ना? आमचा नातू ती अर्धा तास गालात धरून बसला.

टिळकवाडी
चघळायची ती खोकल्याची, खडीसाखरेसारखी. जंताची अल्बेंडाझोल चावून खायची.

जांबोटीची बाई
पण 'चावून' म्हटलं की पहिलीची मुलं एकदा दात लावून गिळतात. फेब्रुवारी नि ऑगस्टच्या दहा तारखेला आम्ही समोर उभं राहून बघतो. 'चावून चावून' म्हणायचं का? अंगणवाडीतल्या वर्षा-दोन वर्षांच्या बाळांना तर अर्धी गोळी दोन चमच्यांत चुरडून पाण्यात देतात. मग ती चावायची की कालवायची?

निपाणीकर
चुरडायची. अजून एक शब्द झाला.