चिनी नंबर प्लेट: 粤Z चं कोडं

> काळ्या प्लेटवर सुरुवातीला 粤Z आणि शेवटी 港 आहे. गाडी कुठली?

हाँगकाँगची. 粤 (उच्चार 'युए') हे ग्वांगदोंग प्रांताचं चिन्ह. त्यापुढचं अक्षर एरवी शहर सांगतं: 粤A म्हणजे राजधानी ग्वांगझौ, 粤B म्हणजे शेन्झेन. Z मात्र कुठल्याच शहराचं नाही. हाँगकाँग-मकाऊच्या गाड्यांना सीमेपलीकडे ग्वांगदोंगमध्ये चालवायला ही मालिका मिळते. म्हणून शेवटचं चिन्ह नक्की बघा: 港 हाँगकाँग, 澳 मकाऊ. फोटोत बंपर पूर्ण दिसत असेल तर हाँगकाँगची स्वतःची प्लेटही शेजारी सापडेल, कारण या गाड्या सहसा दोन्ही प्लेट लावून फिरतात.

शांघायला (沪) मात्र हे शहराचं गणित लावू नका. तिथे प्रांत आणि शहर एकच. 沪C असेल तर त्या गाडीला बाहेरच्या रिंगरोडच्या आत यायला बंदी असते.