पुरावे आधी पेरले तरी वाचक 'फसवलं' का म्हणतात?

नवखी: माझ्या कथेत एका बाईला धमकीची निनावी पत्रं येतात आणि नवरा लिहिणाऱ्याचा शोध घेतो. शेवटी कळतं, पत्रं तीच लिहीत होती. वाचणारे म्हणाले, "फसवलंस." माझं मत: कलाटणी म्हणजे फसवणूकच, वाचकानं ती सोसावी. चुकतंय का?

अर्धविराम: चुकतंय. वाचकानं स्वतःहून फसायला हवं. समजा, मध्येच तिचा उजवा हात मोडतो आणि प्लास्टर निघेपर्यंत एकही पत्र येत नाही. एवढंच लिहिलंत तर चाणाक्ष वाचक तिथेच पकडेल. म्हणून लगेच नवऱ्याला म्हणू द्या, "त्या हरामखोरालाही दया आली वाटतं." कारण मिळालं की वाचक पुढे सरकतो. पुरावा लपवू नका, त्याला पटेलसं चुकीचं कारण जोडा.

तिरकस: म्हणजे असे तीन-चार पुरावे टाकायचे आणि शेवटी फ्लॅशबॅकमध्ये सगळे पुन्हा दाखवायचे. झालं!

अर्धविराम: नाही झालं. पुराव्यांनी फार तर 'असं घडू शकतं' एवढं पटतं. 'दुसरं काही घडणंच शक्य नव्हतं' असं वाटायला तिची गरज दिसावी लागते. सुरुवातीला नवरा रात्री उशिरा येतो, धड बोलत नाही. पत्रं येऊ लागल्यावर तो संध्याकाळी घरी थांबतो. वाचक त्याला काळजी समजतो, पण तिला हवं ते मिळू लागलेलं असतं. हे जमलं तर ते एक प्लास्टर पुरे. आणि उजळणीचा फ्लॅशबॅक लागतोय, तर आधीचं काही वाचकाच्या लक्षात राहिलेलंच नाही.

कावळा: मला तर शेवट नेहमी आधीच कळतो. म्हणून माझ्या कथेत मी सगळं स्वप्न ठरवलं. एकालाही ओळखता आलं नाही!

तिरकस: ओळखण्यासारखं होतं काय त्यात?

नवखी: पण माझी कथा तिच्याच तोंडून आहे. 'पाकीट फोडताना मी घाबरले' असं वाक्यही आहे.

जुना वाचक: मग तुमचे वाचक बरोबर आहेत, ते वाक्य खोटं आहे. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या कादंबरीत निवेदकच खुनी निघतो. तो नऊला वीस मिनिटं कमी असतानाचं सांगतो, मग थेट दहा कमी असतानाचं. मधली दहा मिनिटं गाळतो, पण खोटं बोलत नाही.

अर्धविराम: गाळणं ही मला पळवाटच वाटते. उलट 'घाबरले' राहू द्या. नवरा शेजारी उभा आहे, अक्षर ओळखलं तर? ती भीती खरीच आहे.

जुना वाचक: पण वाचक ती धमकीची भीती समजणार, हे तुम्हाला माहीत आहे. मग खोटं वेगळं काय?

नवखी: नवऱ्याच्या तोंडून लिहिली तर? पण त्याला तिची गरज दिसतच नाही.

अर्धविराम: दिसत नाही, पण सांगतो तोच. "हल्ली मी बेल वाजवायच्या आत ती दार उघडते." तो हे घाबरल्याचं लक्षण मानतो.

जुना वाचक: छान आहे, पण मग ती कथा नवऱ्याची झाली. मी तिच्याच तोंडून लिहीन आणि ते एक वाक्य काढीन.