मदत हवी आहे: डबेवाल्या पोराच्या अपघातात आम्हालाही नोटीस, गाडी तर आमची नाही

नाशिकची सुगरण

नमस्कार मंडळी. आमचं इंदिरानगरला पोळीभाजी केंद्र आहे. मी, मिस्टर आणि दोन बायका पोळ्या लाटायला. सातपूरच्या कंपन्यांत रोज चाळीसेक डबे जातात. ते पोचवायला एक एकवीस वर्षांचा मुलगा आहे, महिना नऊ हजार आणि पेट्रोलचे दीड हजार. मोटरसायकल त्याचीच, म्हणजे कागदावर त्याच्या वडिलांची.

चार महिन्यांपूर्वी त्याने दुपारी डबे पोचवले, दोन वाजता रिकामे डबे गोळा केले आणि तिथून इंदिरानगरला यायचं सोडून गंगापूर रोडला गेला. मित्राकडे मोबाईल दुरुस्तीला टाकायचा होता म्हणे. तिथे अडीचच्या सुमारास रस्ता ओलांडणाऱ्या एका रिक्षावाल्या काकांना धडक बसली. पायाचं हाड मोडलं, प्लेट टाकली, तीन महिने रिक्षा बंद. मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटतं, दवाखान्यात जाऊनही आले.

आता मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली आहे. सामनेवाला नंबर एक मुलगा, दोन त्याचे वडील, तीन आम्ही. मागणी आठ लाखांची. गाडीचा विमा तीन महिने आधीच संपलेला, हे आम्हाला आत्ता कळलं. गाडी आमची नाही, गंगापूर रोडला आम्ही पाठवलं नव्हतं, मग आम्ही कुठून आलो यात? तारखेला गेलोच नाही तर चालेल का?

पंचवटीकर

वहिनी, काळजी करू नका. गाडी ज्याच्या नावावर, त्याच्यावर जबाबदारी. आरसी बुक वडिलांचं आहे ना, मग विषय संपला. शिवाय पोरगा पगारावर नाही, डब्यामागे कमिशनवर आहे असं लिहून द्या. नोकर नाही म्हटल्यावर मालक कुठला?

सातपूर एमआयडीसी

माझ्याकडे असंच झालं होतं. आमच्या हेल्परचा हात प्रेसमध्ये सापडला. कामगार भरपाईत आम्हाला द्यावेच लागले, चूक कोणाची हे बघतसुद्धा नाहीत. तुम्ही त्या मुलाचा ईएसआय भरत होतात का?

नाशिकची सुगरण

दादा, मुलाला खरचटलंसुद्धा नाही. लागलंय ते रस्त्यावरच्या काकांना.

सातपूर एमआयडीसी

अच्छा, मग माझं वेगळं. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा कामगाराच्या स्वतःच्या इजेसाठी होता. माफ करा, घाईत वाचलं.

कोर्टाची पायरी

ताई, अपघाताच्या दाव्यांत वीसेक वर्षं उभा राहिलोय, कधी जखमीच्या बाजूने, कधी विमा कंपनीच्या. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: तारखेला जा. नाही गेलात तर प्रकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालतं, आणि "मोबाईल टाकायला गेला होता" हे तुमच्या वतीने सांगायला तिथे कोणीच नसतं. वकील लावा, मुदतीत लेखी जबाब द्या.

आता पंचवटीकरांचं. गाडीमालक वडील, हे अर्धं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्यात नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येही तेच धरलं. पण त्याने तुमचा मुद्दा संपत नाही. वडील गाडीचे मालक म्हणून येतात, तुम्ही मुलाचे मालक म्हणून. हे दोन वेगळे दरवाजे आहेत. नोकर कामावर असताना कामाच्या ओघात चूक करतो आणि तिसऱ्याचं नुकसान होतं, तेव्हा मालकाची स्वतःची काही चूक नसली तरी त्याला उत्तर द्यावं लागतं. वकील याला व्हायकेरियस लायबिलिटी म्हणतात. गाडी कोणाची हा त्यातला एक पुरावा असतो, निकाल नसतो.

तरी एक आक्षेप पहिल्याच जबाबात घ्यायला सांगा. कलम १६८ प्रमाणे न्यायाधिकरण भरपाई कोणी द्यायची ते ठरवतं, आणि तिथे नावं विमा कंपनी, गाडीमालक आणि चालक यांची आहेत. नुसता नोकरीचा मालक त्या ओळीत दिसत नाही. समोरचे वकील म्हणतील की अपघात मोटारीचा आहे, सगळं इथेच चालू द्या. हा आक्षेप टिकेलच असं मी म्हणत नाही, पण न घेता पुढे जाऊ नका.

आणि ते कमिशनचं सोडा. डबे किती वाजता निघायचे, कोणाकडे आधी जायचे, रिकामे कधी आणायचे, हे सगळं तुम्ही ठरवता ना? काय करायचं एवढंच नाही, कसं करायचं तेही सांगणारा तो मालक. आपल्याकडे ही कसोटी सौराष्ट्रातल्या मिठागर कामगारांच्या खटल्यात १९५७ साली लागली, आणि ते कामगार तर मणामागे पैसे घेत होते. दरमहा नऊ हजार जी-पेने जात असतील तर "नोकर नव्हता" म्हणायला जागाच नाही, आणि तुमची बाकीची खरी बाजूही त्याच्यासोबत बुडेल.

नाशिकची सुगरण

जी-पेनेच जातात. पण मग रस्ता सोडून गेला त्याचं काय? तो आमच्या कामाला गेलाच नव्हता.

कोर्टाची पायरी

तुमचा खरा बचाव तोच आहे, म्हणून सावकाश सांगतो.

इंग्लंडचे दोन जुने खटले एका वर्षाच्या अंतराचे आहेत आणि आपल्याकडे वकील आजही ते काढतात. १८६८ चा पहिला. एका ठेकेदाराचा गाडीवान जेवायला घरी गेला. घरी जायची मनाई होती, तरी गेला. रस्त्यापासून पाव मैल बाजूला. घोडा दारात मोकळा सोडला, तो उधळला आणि कोणाचं तरी कुंपण मोडलं. मालकाला द्यावे लागले, कारण दिवसभर घोडा-गाडी सांभाळणं हे त्याचं कामच होतं आणि वळसा एवढासा.

दुसरा १८६९ चा, आणि तो वाचताना तुम्हाला तुमचीच गोष्ट वाटेल. दारूच्या व्यापाऱ्याचा गाडीवान माल पोचवून रिकाम्या बाटल्या घेऊन परत येत होता. दुकान जवळ आलं असताना सोबतच्या कारकुनाने त्याला स्वतःच्या खाजगी कामासाठी भलत्याच दिशेला वळवलं. तिकडे एकाला गाडीखाली घेतलं. मालक सुटला. गाडीत मालकाच्या बाटल्या होत्या तरी सुटला, कारण तो नवा प्रवासच वेगळ्या कामाचा होता.

म्हणजे थोडा वळसा मालकाच्या खात्यात जातो, नवा प्रवास जात नाही. मधली रेघ कुठे, ते अंतर, वेळ आणि हेतू बघून ठरतं. सातपूरहून तुमचा नेहमीचा रस्ता त्रिमूर्ती चौकावरून असणार. गंगापूर रोड बरोब्बर उलट्या अंगाला, त्र्यंबक रोडच्याही पलीकडे. हे तुमच्या बाजूचं.

पण खूप खूश होऊ नका. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुष्पाबाई उदेशींच्या खटल्यात ही चौकट सैल केली. जिनिंग कंपनीचा मॅनेजर कंपनीच्या गाडीतून नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला होता, सोबत एका ओळखीच्या माणसाला घेतलं, आणि अपघातात तो माणूस गेला. कंपनी म्हणाली, त्याला बसवणं हे काही मॅनेजरचं काम नव्हतं. कोर्टाने कंपनीलाच धरलं. गाडी मालकाची असली की ती मालकाच्या कामावर आहे असं आधी मानलं जातं, उलटं दाखवायचं ओझं मालकावर. तुमच्याकडे गाडी तुमची नाही, म्हणून हे गृहीतक तितकं घट्ट बसणार नाही. आरसीचा खरा उपयोग इथे आहे.

तीन गोष्टी सांगा. धडक बसली तेव्हा तो मित्राकडे जात होता की तिथून परत निघाला होता? पोलिसांना त्याने जबाबात काय सांगितलं? आणि गंगापूर रोडला तुमचं एकही गिऱ्हाईक आहे का?

पंचवटीकर

कमिशनचं मागे घेतो. पण मुलाकडून एवढं तर लिहून घेता येईल ना, की त्या दिवशी दुपारनंतर त्याची सुटी होती?

कोर्टाची पायरी

दोन वाजता चाळीस रिकामे डबे कोणी उचलले मग? कंपन्यांच्या गेटवर नोंद असते, व्हॉट्सअॅपवर "डबा मिळाला" असतं, पंचनाम्यात गाडीवरची पिशवी असते. खोटं प्रतिज्ञापत्र केलं तर आठ लाखांचा प्रश्न बाजूला राहील आणि फौजदारी सुरू होईल.

रिक्षा नंबर अमुक

मी पण रिक्षा चालवतो, म्हणून बोलतो. त्या काकांच्या घरी तीन महिने गल्ला आला नाही. पोराकडे नाही, बापाकडे नाही, विमा नाही. मग त्यांनी कोणाकडे बघायचं? डबे पोचल्यावर पैसे तुम्हाला मिळतात, पोरगा पळतो तो तुमच्यासाठीच. दुसऱ्याच्या गाडीवर धंदा करताना एकदा विमा बघावा, एवढं तरी?

नाशिकची सुगरण

दादा, तुमचं चुकीचं नाही. लायसन्स बघितलं होतं, विमा नाही बघितला. आठ लाख मात्र आमच्याकडेही नाहीत हो. दोन महिन्यांचा किराणा उधार असतो आमचा.

कोर्टाची पायरी

रिक्षावाल्या भाऊंनी कायद्याचं मूळ कारणच सांगितलं, पुस्तकाशिवाय. आणि ताई, आठ लाख ही मागणी आहे, निकाल नाही. दवाखान्याची बिलं, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व किती टक्के, यावर आकडा ठरेल. मात्र तिघांना मिळून जबाबदार धरलं तर काका सगळी रक्कम तुमच्या एकट्याकडूनही वसूल करू शकतात. नंतर मुलाकडून घ्यायचा हक्क तुम्हाला राहतो, पण नऊ हजार पगारातून काय घेणार?

नाशिकची सुगरण

आत्ता मिस्टरांशी बोलले. दोन गोष्टी निघाल्या, हात थरथरतोय लिहिताना.

पोलिसांच्या जबाबात मुलाने "डबे पोचवून परत येत असताना" असं लिहून दिलंय. मोबाईलचा उल्लेखच नाही. म्हणतो, घाबरलो होतो, कामावर होतो म्हटलं तर पोलीस कमी त्रास देतील असं वाटलं.

दुसरं म्हणजे, आठवडाभर आधी गंगापूर रोडच्या एका मुलींच्या पीजीने डब्यांची चौकशी केली होती. मिस्टर त्याला म्हणाले होते, "तिकडे कधी गेलास तर जागा बघून ये, किती मुली आहेत विचार." त्या दिवशी जा असं नव्हतं सांगितलं. तो पीजीला गेला का, ते मिस्टरांनी विचारलंच नाही.

कोर्टाची पायरी

बरं झालं इथेच निघालं, उलटतपासणीत नाही.

जबाबाचं आधी. पोलिसांपुढचा जबाब म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. मुलगा न्यायाधिकरणापुढे शपथेवर खरं सांगू शकतो, मोबाईल दुकानाची पावती असेल तर तिला वजन आहे. पण समोरचा वकील विचारणारच, नोकरी टिकवायला आता बदलतोस का?

पीजीचं जास्त नाजूक आहे. "कधी गेलास तर बघून ये" हे काम होतं की नुसतं बोलणं? तो मोबाईल टाकून पीजी बघायला निघाला असेल तर तो तुमच्या कामावर होता, मग उलटी दिशा वगैरे काही उरत नाही. नुसता मित्राकडे जात असेल तर तुमची बाजू बरी आहे. दोन्हीसाठी निघाला असेल, तर खरं सांगतो, मी दोन्ही बाजूंनी तितक्याच जोराने भांडू शकेन. तुमच्या वकिलापासून हे लपवू नका आणि मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. फक्त विचारा.

सातपूर एमआयडीसी

काकांशी बसून बोलता येत नाही का? लोकअदालतीत मिटतात अशी प्रकरणं.

कोर्टाची पायरी

मिटतात. पण विमा कंपनी नसली की मिटवायला पैसे कोणाचे, हाच प्रश्न येतो. जबाब दाखल करून मग बसा, आधी नको.

नाशिकची सुगरण

मुलाला संध्याकाळी घरी बोलावलंय, वडिलांनाही. तारीख पुढच्या महिन्याच्या ११ ला आहे. तो पीजीला गेला होता की नाही ते कळलं की इथेच लिहिते.