कार्डावरचा 'पेनिसिलिन ॲलर्जी'चा शिक्का

"पोरीला ॲमॉक्सिसिलिनच्या सहाव्या दिवशी अंगभर पुरळ आलं. कार्डावर 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहून दिलं. सिकलसेल आहे तिला. आता ते औषध कायमचं बंद का?"

ताई, ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, आणि सिकलसेलच्या लेकराला लहानपणी रोज पेनिसिलिन लागतं, म्हणून हा शिक्का तसाच ठेवू नका. तातडीची ॲलर्जी बहुधा डोसनंतर तासाभरात दिसते. पित्तासारख्या खाजऱ्या गांधी उठतात, जागा बदलतात, ओठ सुजतात, धाप लागते. तापात उशिरा आलेले, चपटे, तीन-चार दिवसांत फिकटणारे डाग बहुतेकदा विषाणूचे.

आमच्या यवतमाळकडच्या एका १४ किलोच्या पोट्ट्याचं असंच होतं. तो ठणठणीत असताना, खाजेची औषधं काही दिवस आधी बंद करून, वॉर्डात ॲमॉक्सिसिलिनचं सिरप (५ मिलीत २५० मिग्रॅ) आधी अर्धा मिली दिलं, अर्ध्या तासाने साडेचार मिली. जोराची ॲलर्जी उठलीच तर टोचायला ०.१४ मिली ॲड्रेनालिन हाताशी होतंच. तासभर बसवलं. पोट्टा कंटाळला, बाकी काही नाही. घरी आणखी काही दिवस अंगावर लक्ष ठेवलं, मग कार्डावरची ओळ खोडली.

हे घरी मात्र करू नका. आणि त्या वेळी फोड, तोंडात जखमा किंवा कातडी सोलणं झालं असेल, तर दवाखान्यातही नाही.